चल वरची सीमा असलेल्या समाकलाचे अवकलन

समाकलाची वरची सीमा स्थिर नसून x या चलावर अवलंबून असेल, तर समाकल स्वतःच x चे फलन होतो. त्याचा अवकलज काढण्याचा नियम असा: F(x) = ∫ₐ^g(x) f(t) dt असेल, a स्थिर, f संतत आणि g अवकलनीय असेल, तर F′(x) = f(g(x)) · g′(x). हा कलनशास्त्राच्या मूलभूत प्रमेयाचा आणि साखळी नियमाचा एकत्र उपयोग आहे.

g(x) = x हे सर्वांत साधे रूप. त्यात F′(x) = f(x) एवढेच उरते, आणि हेच मूलभूत प्रमेयाचे पहिले अंग होय. बॅरो, न्यूटन व लायब्निझ यांना १७व्या शतकात ते क्षेत्रफळे आणि स्पर्शिका यांच्या भाषेत ठाऊक होते. संतत फलनांसाठी त्याची काटेकोर मांडणी ऑग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८२३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांच्या सारांशात केली.

g′(x) हा गुणक येतो कुठून, ते आलेखावरून दिसते. x मध्ये h एवढी लहानशी वाढ केली की वरची सीमा g(x) पासून g(x + h) पर्यंत सरकते आणि f च्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाला एक अरुंद पट्टी जोडली जाते. पट्टीची उंची जवळजवळ f(g(x)). तिची रुंदी मात्र h नव्हे, ती g(x + h) − g(x), म्हणजे सुमारे g′(x) · h आहे. क्षेत्रफळातील वाढीला h ने भागले की नियम हाती येतो. f चा अवकलज या युक्तिवादात कुठेही लागत नाही. उत्तरात f′ लिहिणारा विद्यार्थी साखळी नियम चुकीच्या फलनाला लावत असतो.

नियमाची खरी ताकद कळते ती समाकल सोडवताच येत नाही तिथे. F(x) = ∫₀^(x²) e^(−t²) dt घ्या. e^(−t²) चा प्रति-अवकलज बहुपदी, घातांकी, लघुगणकी व त्रिकोणमितीय अशा प्राथमिक फलनांच्या सांत रूपात लिहिता येत नाही. तरीही F′ एका ओळीत निघतो: t च्या जागी x² घातले की e^(−x⁴) मिळते, x² चा अवकलज 2x, म्हणून F′(x) = 2x · e^(−x⁴). x = 1 असताना हे मूल्य 2/e, म्हणजे सुमारे ०.७३५८ आहे.

हे उत्तर आकड्यांनी पडताळून पाहावे. संख्यात्मक समाकलनाने F(1.01) ≈ ०.७५४०७१ आणि F(0.99) ≈ ०.७३९३५७ मिळते. फरक ०.०१४७१४; त्याला ०.०२ ने भागले की ०.७३५७. इथे 2x विसरणाऱ्याला ०.३६७९ मिळाले असते, बरोबर निम्मे. ही सर्वांत नेहमीची चूक असून ती अशा पडताळणीत लगेच उघडी पडते. x² ठेवण्याऐवजी x ठेवून e^(−x²) · 2x लिहिणे ही दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण x = 1 वर तेही उत्तर ०.७३५८ च येते. पडताळणीसाठी म्हणून 0 किंवा 1 निवडू नयेत; x = 2 घेतल्यास दोन्ही उत्तरे कितीतरी वेगळी पडतात.

दोन्ही सीमा चल असतील तर मध्ये एखादा स्थिर बिंदू घेऊन समाकल तोडावा. खालच्या सीमेचे पद वजा होते: ∫ₓ^(x²) e^(−t²) dt चा अवकलज 2x · e^(−x⁴) − e^(−x²).

नियमाला दोन मर्यादा आहेत. पहिली सांतत्याची. t < 1 साठी f(t) = 0 आणि t ≥ 1 साठी f(t) = 1 असे फलन घेऊन वरची सीमा x² केली, तर x = 1 पाशी आलेखाला कोपरा पडतो: डावीकडचा चढ 0, उजवीकडचा 2. नियम मात्र तिथे बिनदिक्कत 2 हेच उत्तर देतो. तेव्हा सूत्र लावण्याआधी f हे g(x) पाशी संतत आहे का, हे पाहणे भागच आहे.

दुसरी मर्यादा अधिक वेळा नडते, ती म्हणजे x समाकल्यातही असणे. ∫₀^x (x − t) dt मध्ये t = x ठेवून अवकलज 0 सांगणे मोहक वाटते. प्रत्यक्षात हा समाकल x²/2 आहे आणि त्याचा अवकलज x. सीमा सरकल्याने पडणारी भर इथे खरोखर शून्य आहे; पण x बदलला की समाकल्याची उंची सर्वत्रच बदलते, आणि तो वाटा ∫₀^x 1 dt = x वेगळा मिळवावा लागतो. समाकल्याचा x बाबतचा आंशिक अवकलज घेऊन हे पद जोडणाऱ्या व्यापक सूत्राला लायब्निझ नियम म्हणतात. समाकल्यात x नसला की हे पद शून्य होते आणि सुरुवातीचे सूत्र उरते.