स्थिर देणी-उत्पन्न गुणोत्तर (गृहकर्ज पात्रता)

मासिक उत्पन्नातील किती टक्के रक्कम कर्जाच्या हप्त्यांत जाते, ते दाखवणारे गुणोत्तर. भारतातील बँका ते ‘एफओआयआर’ नावाने वापरतात. मर्यादा बँकेनुसार आणि उत्पन्नानुसार बदलते. समजा, हाती येणारा पगार ८०,००० रुपये आणि मर्यादा ५० टक्के आहे. म्हणजे सर्व हप्ते मिळून ४०,००० रुपये बसतात. त्यातून गाडीच्या कर्जाचा १२,००० रुपयांचा हप्ता वजा केल्यास २८,००० उरतात. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणून पात्रता सुमारे ३२ लाख. गाडीचे कर्ज आधी फेडल्यास ती ४६ लाखांवर जाते. मात्र घराच्या किमतीनुसार ठरणारी कर्जमर्यादा कमी असल्यास तीच लागू होते.