तीन रकान्यांची कुळकथा

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत पीएमपी परीक्षेच्या तयारीचा एक्सेल तक्ता एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो. मूळ कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यात तीन रकाने ठरलेले: विषय, सराव प्रश्न आणि उजळणीच्या तारखा. हे तीन रकाने एकाच वेळी, एकाच डोक्यातून आलेले नाहीत. तिघांची कुळं वेगळी आहेत आणि ती एकमेकांशी अजूनही पुरती जुळलेली नाहीत.

विषयांचा रकाना अमेरिकेचा. 1969 मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे अभ्यासक्रम असा नव्हता. तंत्रं मात्र होती. क्रिटिकल पाथची पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्टच्या रसायन कारखान्यांसाठी बेतली गेली होती, तर 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून पर्ट आलं. पण तंत्र जाणणाऱ्याला व्यावसायिक म्हणायचं, तर त्याला नेमकं काय यायला हवं हे कोणीतरी लिहून काढायला हवं होतं. ते काम 1983 च्या एका अहवालानं केलं. त्यात सहा क्षेत्रं होती: कामाची व्याप्ती, वेळ, खर्च, गुणवत्ता, माणसं आणि संवाद. त्याच पायावर 1984 मध्ये पहिली पीएमपी परीक्षा झाली.

त्यानंतर यादी वाढत गेली. 1987 मध्ये जोखीम आणि कंत्राटं-खरेदी हे दोन विषय आले. 1996 मध्ये पीएमबॉक गाइडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा सगळ्यांची सांगड घालणारं इंटिग्रेशन धरून नऊ झाले. 2013 मध्ये स्टेकहोल्डर हा दहावा विषय आला. 2017 च्या सहाव्या आवृत्तीत या दहा क्षेत्रांखाली 49 प्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीला इनपुट, साधनं नि आउटपुट यांची लांबलचक शेपटी. एक्सेल तक्त्याला याहून सोयीचं काय असणार? आठवड्याला एक क्षेत्र आणि रोज थोड्या प्रक्रिया. आज फिरणारे बरेचसे तक्ते याच घडणीचे आहेत.

मग 2021 मध्ये ही घडणच मोडली. जानेवारीपासूनच्या नव्या परीक्षा आराखड्यात आधीच्या पाच टप्प्यांच्या जागी तीन भाग आले. माणसं 42 टक्के, प्रक्रिया 50 टक्के, व्यावसायिक परिसर 8 टक्के आणि साधारण निम्मे प्रश्न अजाइल किंवा मिश्र पद्धतीचे. त्याच वर्षी आलेल्या पीएमबॉकच्या सातव्या आवृत्तीनं 49 प्रक्रियांची यादी काढून टाकली आणि बारा तत्त्वं मांडली. तक्त्यातला पहिला रकाना मात्र अनेकांनी तसाच ठेवला. पीएमबॉक हा परीक्षेचा अभ्यासक्रम नव्हे, हे इथे विसरलं जातं. प्रश्न निघतात ते परीक्षा आराखड्यातून. पीएमआय तो प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करून ठरवते आणि तो मोफत मिळतो. तक्ता आखायला बसताना पहिल्यांदा तोच उघडावा.

दुसरा रकाना, सराव प्रश्न, त्याहून जुना. बहुपर्यायी प्रश्न कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांच्या नावावर आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला शाळकरी मुलांच्या मूकवाचनाची चाचणी लवकर आणि एकसारखी तपासता यावी, एवढाच त्यांचा हेतू. पुढे अमेरिकी सैन्यानं भरतीतल्या लाखो जवानांवर ही रीत वापरली आणि ती परीक्षांना कायमची चिकटली. पीएमपीच्या कागदावर मात्र तिनं वेगळं वळण घेतलं. इथे चुकीचे पर्यायही शहाणपणाचे वाटतील असे लिहिलेले असतात.

एक प्रश्न सोडवून पाहू. प्रकल्पाचं बजेट 20 लाख. आजवर 60 टक्के काम व्हायला हवं होतं, झालं 40 टक्के. खर्च झाला 10 लाख. प्रकल्पाची स्थिती काय? नवखा म्हणतो, 12 लाख खर्चायचे होते, 10 च झाले, म्हणजे दोन लाख वाचले. तसा पर्याय समोर असतोच. पण झालेल्या कामाची किंमत 8 लाख आहे आणि त्यासाठी 10 लाख गेले आहेत. आठ भागिले दहा म्हणजे 0.8, रुपयाला ऐंशी पैशांचं काम. कामाचा हाच दर राहिला, तर 20 भागिले 0.8, म्हणजे शेवटी 25 लाख लागणार. वेळेचा निर्देशांक आठ भागिले बारा, साधारण 0.67. काम मागेही आहे आणि महागही.

आता आकडे तेच ठेवून प्रश्न बदलू: व्यवस्थापकानं सर्वांत आधी काय करावं? प्रायोजकाकडे जादा पैसे मागावेत, व्याप्ती कापावी, माणसं वाढवावीत, की संघासोबत बसून उशिराचं कारण शोधावं? पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या कामात कधी ना कधी कराव्या लागतात. उत्तर चौथं आहे, कारण बाकीचे तिन्ही उपाय कारण कळल्यावरचे आहेत. नव्या परीक्षेत अशाच प्रश्नांचा भरणा असतो.

तिसरा रकाना जर्मन. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती विसरल्या ते मोजायचं. 1885 च्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं की बारा जोड्यांची मालिका एका दिवशी 68 वेळा घोकून जेवढा फायदा होतो, जवळपास तेवढाच ती तीन दिवसांत विभागून 38 वेळा म्हटली तरी होतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना 42. पुस्तकावर रंगीत पेन फिरवून झालेली उजळणी फसवी असते ती यामुळे.

दहा आठवड्यांच्या तक्त्यात याचा अर्थ असा. खर्चाचा विषय दुसऱ्या आठवड्यात वाचला, तर दोन दिवसांनी त्यावर दहा प्रश्न, साधारण आठवड्यानं पुन्हा, मग तीन आठवड्यांनी. दर खेपेला पुस्तक बंद. वरचा 0.8 चा हिशेब असाच पक्का होतो.

पण एबिंगहाउसनी मोजली ती निरर्थक अक्षरं होती. "आधी काय करावं" हा विवेक त्या अक्षरांसारखा विसरला जात नाही आणि घोकून येतही नाही. तेच सराव प्रश्न तिसऱ्यांदा सोडवले की माणसाला प्रश्न पाठ होतो. याची खूण सोपी आहे. जुन्या संचात गुण चढत जातात, न पाहिलेल्या संचात जिथल्या तिथे राहतात. माझ्या मते तक्त्यात चौथा रकाना हवा, उत्तर का चुकलं याचा. सूत्र आठवलं नाही, प्रश्नातला "सर्वांत आधी" नजरेतून सुटला, की आपल्या ऑफिसात जसं करतो तसं उत्तर दिलं? उजळणीची तारीख फक्त पहिल्या कारणाला लावायची. दुसऱ्याला घड्याळ लावून वाचनाचा सराव. 2021 च्या आराखड्याच्या परीक्षेत 180 प्रश्नांना 230 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला जेमतेम 77 सेकंद, आणि विश्रांती साठाव्या नि एकशेविसाव्या प्रश्नानंतर, म्हणून साठ प्रश्नांचा गठ्ठा 76 मिनिटांत संपवायची सवय करावी.

तिसरं कारण सर्वांत चिवट, आणि अनुभवी माणसांतच जास्त. पंधरा वर्षं साहेबाला विचारून निर्णय घेतलेल्या माणसाला संघाशी आधी बोलायचा पर्याय भाबडा वाटतो. असे चुकलेले प्रश्न वेगळे काढून प्रत्येकापुढे एका ओळीत लिहावं की आपण निवडलेला पर्याय कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरला असता. अशा दहा-बारा ओळी जमल्या की आपली चूक कुठल्या एकाच बाजूला झुकते ते कळतं, आणि शेवटच्या आठवड्यात वाचायला नवं पुस्तक लागत नाही.