वाट विचारणारा संदेश

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या महामार्गावरून एक बंदिस्त मोटार धावत होती. आत संगणक आणि रेडिओ संच होते. मोटारीतून निघालेले संदेश डोंगरमाथ्यांवर बसवलेल्या रेडिओ यंत्रांकडून टप्प्याटप्प्याने पुढे जात आणि त्या काळच्या अर्पानेट या संगणकजाळ्यात शिरत. १९७३ साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने हाती घेतलेल्या 'पॅकेट रेडिओ' प्रकल्पाचा हा भाग होता.

तारेने जोडलेल्या जाळ्यात कोण कोणाशी जोडलेले आहे, हे सहसा बदलत नाही. मोटार मात्र पुढे सरकते, टेकडीआड जाते, आणि काही क्षणांपूर्वी ज्याला तिचा आवाज ऐकू येत होता त्याला तो येईनासा होतो. मग तिच्यापर्यंतची वाट इतरांनी कशी ओळखावी?

पॅकेट रेडिओतील उत्तर सरळ होते. प्रत्येक यंत्राने ठराविक वेळाने आपल्याला माहीत असलेल्या वाटा जाहीर करायच्या. शेजाऱ्यांनी त्या ऐकून आपले तक्ते दुरुस्त करायचे आणि आपल्या पाळीला ते पुढे जाहीर करायचे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात ही मुदत साडेसात सेकंदांची आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात १२५ मीटर पुढे जाते. बातमी चार टप्पे ओलांडून जायची असेल आणि प्रत्येक टप्प्यावर पुढच्या जाहीरनाम्याची वाट पाहावी लागली, तर अर्धा मिनिट जाऊ शकतो. तोवर मोटार अर्धा किलोमीटर दूर! म्हणजे तक्ता भरलेला असतो, पण काही वेळा तो चुकीचा असतो. मुदत कमी केली तर तक्ता ताजा राहील, पण हवेतला सगळा वेळ जाहीरनाम्यांतच खर्च होईल.

१९९४ साली डेव्हिड जॉन्सन यांनी एक निबंध मांडला. त्यांचे म्हणणे असे की तक्ता ठेवूच नये. ज्याला संदेश पाठवायचा आहे त्याने त्याच वेळी वाट विचारावी. पुढे डेव्हिड मॉल्ट्झ यांच्यासह त्यांनी ही पद्धत 'डायनॅमिक सोर्स राउटिंग', म्हणजे डीएसआर, या नावाने विकसित केली. ती नीट समजून घ्यायची तर एक उदाहरण कागदावर मांडून पाहू.

सहा यंत्रे आहेत: अ, क, ख, ग, च आणि ट. अ चा आवाज क आणि ख ला ऐकू येतो. क आणि ख दोघांचा ग ला, ग चा च ला आणि च चा ट ला. ऐकणे दोन्ही बाजूंनी आहे असे धरू. अ ला ट कडे संदेश पाठवायचा आहे, पण ट कुठे आहे हे त्याला मुळीच माहीत नाही.

अ एक छोटा प्रश्न हवेत सोडतो: 'मी अ, माझा प्रश्न क्रमांक ७, ट कुठे आहे?' यालाच रूट रिक्वेस्ट म्हणतात. क आणि ख तो ऐकतात. आपण ट नाही हे पाहून प्रत्येक जण प्रश्नात स्वतःचे नाव जोडतो आणि तो पुन्हा सोडतो. समजा क आधी बोलला. ग ला 'अ, क' अशी यादी मिळते. मग ख बोलतो, पण ग कडे 'अ चा प्रश्न ७' ही नोंद आधीच असल्यामुळे तो ही दुसरी प्रत टाकून देतो. ग आणि च यांनी आपापली नावे जोडल्यावर ट च्या हाती 'अ, क, ग, च' ही यादी येते. ट तीच वाट उलटी धरून उत्तर धाडतो.

प्रश्न पुरासारखा सगळीकडे पसरला, पण एकूण पाचच वेळा बोलला गेला. याचे कारण ती क्रमांकाची नोंद. ती नसती तर क आणि ग एकमेकांचा प्रश्न परतवत बसले असते. नोंदीमुळे एका प्रश्नासाठी कोणतेही यंत्र एकदाच बोलते, मग जाळ्याचा आकार कसाही असो.

आता क चालत दूर गेला. अ चा पुढचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला, पण ग कडून पोच येईना. क 'माझा ग शी संबंध तुटला' असे अ ला कळवतो. अ प्रश्न क्रमांक ८ सोडतो आणि या खेपेस ख मार्गे वाट मिळते. क सरकला ही बातमी च आणि ट ला कधी कळलीच नाही. कळण्याची गरजही नव्हती. चालत्या यंत्रांना ही रीत मानवते ती नेमकी यामुळे. पुराला जाळ्याच्या रचनेचे आधीचे ज्ञान काहीच लागत नाही, त्यामुळे जुने ज्ञान त्याला फसवू शकत नाही. आणि सापडलेली वाट आताच कोणीतरी तुडवलेली असते.

खर्चाचाही ढोबळ हिशेब करता येतो. साडेसात सेकंदांची मुदत धरली, तर ५० यंत्रांचे तासाला २४,००० जाहीरनामे होतात, कोणी कोणाशी बोलो वा न बोलो. एका पुराला फार तर ५० प्रक्षेपणे लागतात. म्हणजे तासाला ४८० पूर येईपर्यंत विचारणे स्वस्त. (दोन्ही संदेशांची लांबी सारखी नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

१९९८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने संगणकावर याची तुलना केली. १५०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद पट्ट्यात ५० यंत्रे, सेकंदाला २० मीटरपर्यंत वेग, आणि १५ मिनिटांचा खेळ. यंत्रे स्थिर असताना तक्त्याची पद्धत, डीएसडीव्ही, जवळजवळ सर्व संदेश पोहोचवत होती. ती सतत चालू लागल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर घसरले, आणि हरवलेले बहुतेक संदेश शिळ्या नोंदीवर विसंबून तुटलेल्या दुव्याकडे गेलेले होते. डीएसआरने ९५ टक्क्यांहून अधिक पोहोचवले. जॉन्सन स्वतः या गटात होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. पण डीएसडीव्हीचे एक जनक चार्ल्स पर्किन्स हेसुद्धा तोवर वाट विचारण्याच्या बाजूला आले होते. त्यांनी १९९४ साली प्रवीण भागवत यांच्यासह डीएसडीव्ही मांडली होती. नंतर एलिझाबेथ रॉयर यांच्यासह त्यांनी एओडीव्ही ही मागणीनुसार वाट शोधणारी पद्धत रचली. तीत यादी संदेशात वाहून न नेता प्रत्येक यंत्र 'हा प्रश्न माझ्याकडे कोणाकडून आला' एवढेच लक्षात ठेवते.

पुराचे दुखणे १९९९ साली तैवानच्या संशोधकांनी मोजून दाखवले. शेजारच्या यंत्राने प्रश्न पुन्हा सोडला की किती नवे क्षेत्र व्यापले जाते? त्यांच्या गणितात जास्तीत जास्त ६१ टक्के, आणि सरासरी ४१ टक्के. तोच प्रश्न चारदा ऐकून झाला असेल तर पाच टक्क्यांहूनही कमी. दाट वस्तीत बहुतेक बोलणे वायाच जाते. शिवाय सगळे एकाच क्षणी बोलू लागतात, संदेश आदळतात, आणि सर्वांसाठीच्या अशा प्रक्षेपणाला पोच नसल्यामुळे आदळल्याचे बोलणाऱ्याला समजतही नाही. दिसते ते एवढेच की उत्तर येत नाही. मग पुन्हा प्रश्न, पुन्हा पूर.

यावर दोन साधे उपाय रूढ झाले. एक, पुन्हा सोडण्यापूर्वी प्रत्येकाने थोडा यादृच्छिक काळ थांबावे. दोन, आधी जवळपास विचारावे. एओडीव्हीच्या २००३ सालच्या मसुद्यात प्रश्न पहिल्यांदा एकच टप्पा जातो, मग तीन, पाच, सात, आणि तरीही उत्तर नसेल तरच सगळ्या जाळ्यात.

तिसरा उपाय मोहक होता. मधल्या यंत्राला वाट आठवत असेल तर त्यानेच उत्तर द्यावे, म्हणजे पूर तिथेच अडेल. डीएसआर हे मोकळेपणाने करते. पण २००० साली पर्किन्स, रॉयर आणि समीर दास यांनी केलेल्या तुलनेत जास्त वर्दळ व जास्त हालचाल असताना डीएसआर मागे पडले. कारण आठवणीतल्या वाटाच शिळ्या होत्या. तक्त्याचा जुना रोग मागच्या दाराने आत आला होता.

आज एओडीव्हीची एक वंशज झिगबी या तंत्रात घरांतल्या बिनतारी दिव्यांना वाट दाखवते. हे दिवे छताला स्क्रूने पक्के बसवलेले असतात.