संविधान सभेतील अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न

अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न हा भारतीय संविधान सभेतील (१९४६–१९४९) एक प्रमुख वादविषय होता. १९४७ साली संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा मान्य केल्या. १९४९ साली त्याच सभेने तो निर्णय फिरवला.

पार्श्वभूमी

१९०९ च्या कायद्याने मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ मिळाले होते. या पद्धतीत मुस्लिम उमेदवाराला केवळ मुस्लिम मतदारच निवडून देत. पुढे ही सवलत शीख, ख्रिस्ती आदी समाजांनाही मिळाली. जानेवारी १९४७ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली. तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष बंगालचे ख्रिस्ती सदस्य हरेंद्रकुमार मुखर्जी होते.

१९४७ ची तडजोड

समितीने विभक्त मतदारसंघ नाकारले, मात्र संयुक्त मतदारसंघात दहा वर्षांसाठी राखीव जागा सुचवल्या. म्हणजे उमेदवार अल्पसंख्याक समाजाचा असला, तरी मतदान सर्वांचे होणार होते. २७ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी विभक्त मतदारसंघांसाठी दुरुस्ती मांडली. सर्वांच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी आपल्या समाजाचे खरे म्हणणे मांडू शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. विभक्त मतदारसंघांमुळे अल्पसंख्याक कायमचे एकाकी पडतील, असे उत्तर गोविंद वल्लभ पंत यांनी दिले. दुरुस्ती फेटाळली गेली.

१९४९ चा फेरविचार

फाळणीनंतर परिस्थिती पालटली. मे १९४९ मध्ये मुखर्जी यांनीच सल्लागार समितीत राखीव जागा रद्द करण्याचा ठराव मांडला. संविधान सभेत बेगम ऐजाझ रसूल यांनी त्यास पाठिंबा दिला, तर मद्रासचे मुहम्मद इस्माईल यांनी विरोध केला. त्यामुळे मुस्लिम सदस्यांचे या प्रश्नावर एकमत नव्हते, हे स्पष्ट होते. २६ मे रोजी सभेने समितीचा अहवाल स्वीकारला. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागा मात्र कायम राहिल्या. शिखांमधील मजहबी, रामदासी, कबीरपंथी व सिकलीगर या जातींचा अनुसूचित जातींत समावेश करण्याचे मान्य झाले. विखुरलेल्या अँग्लो-इंडियन समाजासाठी लोकसभेत दोनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद झाली. ती जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली.

सांस्कृतिक हक्क

राखीव जागा गेल्या, तरी भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क अनुच्छेद २९ व ३० मध्ये राहिला. अनुच्छेद २९ च्या पहिल्या खंडात 'अल्पसंख्याक' ऐवजी 'नागरिकांचा कोणताही गट' अशा अर्थाचे शब्द आहेत. डिसेंबर १९४८ मधील चर्चेत बाबासाहेब आंबेडकर यांनी यामागचे कारण सांगताना बंगालमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीयांचे उदाहरण दिले. रूढ अर्थाने ते अल्पसंख्याक नसले, तरी तेथे भाषा व संस्कृतीच्या दृष्टीने अल्पसंख्याकच ठरतात आणि त्यांनाही हे संरक्षण मिळावे, अशी त्यांची भूमिका होती.