भांडवली आणि महसुली खर्च : दुकानाची यंत्रे व दुरुस्ती

दुकानासाठी केलेला खर्च त्याच वर्षीच्या उत्पन्नातून पूर्ण वजा झाला तर तो महसुली. मालमत्ता म्हणून ताळेबंदात जाऊन दरवर्षी घसाऱ्याच्या रूपाने थोडाथोडा वजा झाला तर भांडवली. बिल मोठे म्हणजे खर्च भांडवली, असा समज व्यापाऱ्यांत सर्रास आढळतो, पण रकमेवरून काहीच ठरत नाही. जुनीच वस्तू पुन्हा कामाला लागली, की आधी नसलेली वस्तू किंवा सोय दुकानात आली, हे पाहावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शोरॉक मिलच्या १९५६च्या प्रकरणात चालू दुरुस्तीची ओळख हीच सांगितली : असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी केलेला खर्च.

किराणा दुकानातल्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळाला आणि ९,००० रुपयांना नवा बसवला, असे धरू. नवा कॉम्प्रेसर काही वर्षे चालेल, मग हा लाभ टिकाऊ नाही का, असा आक्षेप येतो. लाभ टिकाऊ आहे. पण कॉम्प्रेसर एकटा काही गार करत नाही. तो फ्रीझरचा भाग आहे आणि फ्रीझर जुनाच राहिला, म्हणून खर्च महसुली. तोच फ्रीझर काढून ६०,०००चा नवा आणला तर मात्र खर्च भांडवली, जुन्याच्या जागी आणला असला तरी. त्यात वाहतुकीचे २,००० आणि जोडणीचे ३,००० मिळवायचे, कारण यंत्र चालू स्थितीत येईपर्यंतचा खर्च ही त्याची किंमतच असते. ६५,०००वर आयकरातील यंत्रांच्या सर्वसाधारण १५ टक्के दराने पहिल्या वर्षी घसारा ९,७५० रुपये. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाला तर त्याच्या निम्मा. शेवटी सगळी रक्कम वजा होणारच, मग फरक काय पडतो, असे कुणी म्हणेल. पण पूर्ण ६५,००० एकदम खर्ची टाकले तर त्या वर्षीचा नफा ५५,२५० रुपयांनी कमी दिसतो, आणि तपासणीत नेमकी हीच नोंद नामंजूर होते.

जागेच्या बाबतीत रंगकाम, शटरची डागडुजी, गळका स्लॅब बुजवणे महसुली. नवा पोटमाळा भांडवली. गाळा भाड्याचा असला तरी पोटमाळ्याचा खर्च महसुली होत नाही. त्या बांधकामापुरते भाडेकरूला मालक मानून घसारा मिळतो. खरी अडचण येते ती ‘दुकान नूतनीकरण’ असे एकच बिल हाती आल्यावर. कंत्राटदाराकडून दुरुस्ती आणि नवे काम वेगळे लिहून घेतले नाही, तर दुरुस्तीचा वाटा सिद्ध करणे कठीण जाते. प्रत्येक काम सुटे पाहिले तर दुरुस्तीच आहे, हा युक्तिवादही सगळीकडे टिकत नाही. बल्लीमल नवल किशोर प्रकरणात एका चित्रपटगृहाने यंत्रे, फर्निचर, वायरिंग, नळकाम असे सगळेच एका दमात बदलले होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काम एकत्र पाहिले आणि तो खर्च चालू दुरुस्ती मानायला नकार दिला.