रोटाव्हायरसची लस तोंडातून का देतात?

सरकारी लसीकरणात अमरावती-अकोल्यातही बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांचे झाल्यावर रोटाव्हायरसची लस पाजतात.

या विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या 11 सुट्या तुकड्यांचा असतो. दोन वाण एकाच पेशीत शिरले, तर नव्या विषाणूत दोघांचे तुकडे मिसळू शकतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ लस याच अदलाबदलीवर आधारलेली आहे. तिच्यातल्या विषाणूंत गायीच्या रोटाव्हायरसचे तुकडे आहेत. फक्त बाहेरच्या कवचाचे एक प्रथिन बनवणारा तुकडा माणसाच्या रोटाव्हायरसचा आहे. असे पाच प्रकार तिच्यात आहेत.

रोटाव्हायरस लहान आतड्याच्या अस्तरात वाढतो. म्हणून लसीतला दुबळा विषाणूही तोंडावाटे तिथेच पोचवतात आणि प्रतिकारशक्ती तिथेच जागी होते. या लसीमुळे रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांचा धोका घटतो; इतर जंतूंचे जुलाब मात्र तिने थांबत नाहीत. अशा वेळी ओआरएस आणि झिंक लागतेच.