रक्तदान शिबिराला नाव कसे द्यावे?

कॉलेजमधील रक्तदान शिबिराला ‘रक्ताची हाक’ किंवा ‘शेवटचा थेंब’ असे नाव दिले, तर पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला आधी सुईच आठवते. निकड भीतीतून नव्हे, कारणातून कळावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांतील साठा घटतो. तांबड्या पेशी साठवल्या तरी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. म्हणून ‘सुट्टीआधी अर्धा तास’ हे नाव चांगले. ‘सुट्टीआधी’ने मुदत कळते, ‘अर्धा तास’ने धास्ती कमी होते. खाली ‘रक्तदान शिबिर’ आणि तारीख ठळक हवी. ‘प्रत्येकाने द्या’ असे मात्र नको, कारण १८ वर्षांखालील किंवा ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या विद्यार्थ्यांना परत पाठवावे लागते.